चुरगळलेल्या थर्मल बिलावरून दुकानाचं नाव, तारीख आणि रक्कम खात्रीने कशी काढावी

प्रश्न: भोसरीतल्या आमच्या कंपनीत मार्केटिंगची माणसं फिरतीवर असतात आणि महिनाअखेरीला चुरगळलेल्या थर्मल बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मी फोटोतली अक्षरं वाचणारं टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर लावून दुकानाचं नाव, तारीख आणि एकूण रक्कम एक्सेलमध्ये भरते. रक्कम बरेचदा चुकते, नाव तर येतच नाही. फोटो आणखी साफ करत बसू की दुसरं काही करू?

उत्तर:

फोटो थोडा साफ करा, पण त्यात फार वेळ घालवू नका. तुमचा खरा फायदा दुसरीकडे आहे. बिलावर एकच माहिती दोन-तीन ठिकाणी, वेगवेगळ्या रूपात छापलेली असते. एकूण रक्कम करांच्या ओळींत दडलेली असते, दुकानाची ओळख जीएसटी नंबरात असते आणि तारखेला बिल नंबराचा आधार असतो. एक जागा घडीखाली गेली तरी बाकीच्या जागा बहुधा वाचता येतात. म्हणून जे वाचलं ते बिलावरच्याच दुसऱ्या आकड्याशी ताडून बघायचं. पुण्यातल्या लहान-मोठ्या कंपन्यांसाठी मी बरीच वर्षं हेच काम करतो आहे आणि चुका सगळ्यात जास्त कमी झाल्या त्या या ताळ्यामुळे.

आधी कागदाबद्दल थोडं, कारण चुका कुठून येतात ते त्यावरून कळतं. थर्मल कागदावर शाई नसते. कागदाच्या लेपातच रंगाचं रसायन असतं आणि छपाईच्या वेळी उष्णता लागली की ते काळं पडतं. असा कागद चुरगळला की दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात. घडी कडक पडली की तिथला लेप निघून जातो आणि अक्षरावर पांढरी रेघ येते. तिथे `8` चा `3` होतो, `6` चा `5` होतो. उलट, कागद जोरात घासला किंवा त्यावर नख ओढलं गेलं तर घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटते आणि `1` चा `7`, `3` चा `8` होतो. पांढऱ्या रेघेखाली काही उरलेलंच नसतं, त्यामुळे कोणतंही सॉफ्टवेअर तिथला आकडा परत आणू शकत नाही. फोटोवर फार वेळ घालवू नका म्हणतो ते यासाठीच.

बिल सरळ करायला कोणी इस्त्री किंवा हेअर ड्रायर वापरत असेल तर आजच थांबवा, सगळा कागद काळा पडेल. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरही हळूहळू तेच होतं. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेली बिलं पांढरी पडतात, कारण मऊ पीव्हीसीतली रसायनं छपाई पुसून टाकतात. सॅनिटायझर लागला तरी छपाई खराब होते. बिल घडीच्या उलट्या बाजूने हलकेच वाकवून जाड वहीत रात्रभर दाबून ठेवलं तर पुरतं.

फोटोबाबत माणसांना तीनच गोष्टी सांगा. पहिली, बिल गडद टेबलावर ठेवून खिडकीजवळच्या मंद उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल कागदाला समांतर धरून फोटो काढायचा. दुसरी, एक फोटो झाला की कागद पाव फेरा फिरवून दुसरा काढायचा. उजेड त्याच दिशेने येत राहतो, कागद फिरतो, त्यामुळे सुरकुतीची सावली जागा बदलते पण छापलेली रेघ हलत नाही. एका फोटोत `8` आणि दुसऱ्यात `3` वाचलं गेलं तर तुम्हाला लगेच कळतं की तो आकडा संशयास्पद आहे. तिसरी, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा पाठवायचा नाही, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा. साधा पाठवला की अ‍ॅप तो लहान करतं. हिशेब बघा: पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या चौकटीत बिल मावलं आहे आणि फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलवर आली, तर एका मिलिमीटरला साडेसहापेक्षा कमी पिक्सेल पडतात. बिलावरचं अक्षर दोन मिलिमीटरच्या आसपास उंच असतं, म्हणजे त्याला तेराच्या आसपास पिक्सेल मिळाले. टेसरॅक्टला अक्षराची उंची वीस ते तीस पिक्सेल असली की नीट वाचता येतं. त्याच फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेल राहिली असती तर अक्षराला तीसहून जास्त मिळाले असते. तुमच्या बऱ्याच चुका बहुधा इथेच होत असतील.

साफसफाई म्हणून मी एवढंच करतो:

```python
import cv2, numpy as np
g = cv2.imread("bill.jpg", cv2.IMREAD_GRAYSCALE)
bg = cv2.dilate(g, np.ones((15, 15), np.uint8))
bg = cv2.medianBlur(bg, 51)
cv2.imwrite("out.png", cv2.divide(g, bg, scale=255))
```

यात आधी अक्षरं पुसून फक्त कागदाची उजळ-गडद पार्श्वभूमी मिळवली आहे आणि मग मूळ फोटोला तिने भागलं आहे. त्यामुळे सुरकुत्यांच्या सावल्या बऱ्याच निघून जातात आणि कागद सगळीकडे सारखा पांढरा दिसतो. चहाचा किंवा आमटीचा पिवळा डाग असेल तर ग्रेस्केलऐवजी फोटोचा फक्त लाल चॅनेल घ्या; पिवळा रंग लाल उजेड परत फेकतो, म्हणून त्या चॅनेलमध्ये डाग जवळजवळ दिसेनासा होतो.

मग वाचन:

```
tesseract out.png bill -l eng --psm 6 -c preserve_interword_spaces=1 tsv
```

`--psm 6` मुद्दाम दिलं आहे. ते दिलं नाही तर टेसरॅक्ट पानाची मांडणी स्वतः ठरवतं आणि बरेचदा डावीकडची नावं एक रकाना, उजवीकडचे आकडे दुसरा रकाना असं समजतं. मग कोणता आकडा कोणत्या नावाचा हेच कळत नाही. `tsv` मुळे प्रत्येक शब्दाची जागा आणि त्याबद्दलचा विश्वासांक मिळतो. या विश्वासांकावर मात्र विसंबू नका. अर्धा पुसलेला `8` हा छान `3` सारखाच दिसतो, त्यामुळे चुकीचा आकडाही ऐंशी-नव्वदच्या विश्वासाने येतो. कमी अंक असेल तर संशय घ्या, जास्त असेल म्हणून निर्धास्त राहू नका.

आता एक बिल पूर्ण सोडवून बघू. चाकणच्या बाजूला रात्रीच्या जेवणाचं बिल आहे. चार घड्या घालून खिशात ठेवलेलं, एक घडी `Sub Total` च्या मधल्या आकड्यावरून आणि दुसरी `Grand Total` च्या शेवटच्या आकड्यावरून गेलेली. वाचून हे आलं:

```
Bill No: 4417    Date: 03/07/25
Sub Total          6 5.00
CGST 2.5%           16.38
SGST 2.5%           16.38
Round Off            0.24
Grand Total        683.00
Cash               700.00
Change              12.00
```

‘तळातला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे एकूण’ असा नियम अनेक जण लावतात. इथे तो ७०० देईल, म्हणजे गिऱ्हाइकाने काउंटरवर दिलेली नोट. फक्त `Grand Total` हे नाव शोधलं तर ६८३ मिळेल, तेही चूक. कराच्या ओळी मात्र धडधाकट आहेत, तिथून सुरुवात करू.

सीजीएसटी अडीच टक्क्यांनी १६.३८ आहे. १६.३८ ला ०.०२५ ने भागलं की ६५५.२० येतं. कराची रक्कम पैशापर्यंत पूर्ण केलेली असते. अर्ध्या पैशाची ती फट भागाकारात चाळीसपट मोठी होते, म्हणून उत्तर ६५५.०० ते ६५५.४० यांच्यामध्ये कुठेही असू शकतं. वाचनात `6 5.00` आहे, म्हणजे पहिला आकडा सहा, शेवटचा पाच आणि पैसे शून्य. या सगळ्यात बसणारी एकच रक्कम आहे: ६५५.००. घडीखालचा आकडा पाच होता.

आता बेरीज करा. ६५५.०० अधिक १६.३८ अधिक १६.३८ म्हणजे ६८७.७६. त्यात राउंड ऑफचे ०.२४ मिळवले की बरोबर ६८८.०० होतात. ६८३ कोणत्याही मार्गाने येत नाही. आणखी एक साक्ष बिलावरच आहे: ७०० दिले, १२ परत मिळाले, म्हणजे ६८८. दोन स्वतंत्र वाटांनी एकच आकडा आला की मी ती रक्कम पक्की धरतो आणि कागद परत मागवत नाही.

एक्सेलमध्ये हे करायला `B` ते `F` असे पाच रकाने ठेवा: सबटोटल, सीजीएसटी, एसजीएसटी, राउंड ऑफ, एकूण. पुढच्या `G` मध्ये सूत्र:

```
=ROUND(B2+C2+D2+E2-F2,2)=0
```

`FALSE` आलं की तेवढंच बिल डोळ्यांनी बघायचं. राउंड ऑफचं चिन्ह नीट बघा, ते बरेचदा उणे असतं आणि ती बारीक आडवी रेघ वाचनात सहज हरवते. फरक राउंड ऑफच्या बरोबर दुप्पट येत असेल तर चिन्हच हरवलं आहे असं समजा. सर्व्हिस चार्ज किंवा सवलत असेल तर त्यांना वेगळा रकाना द्या. करावरून उलटं गणित करताना मग सबटोटलऐवजी कर ज्या रकमेवर लागला ती रक्कम मिळते, हेही लक्षात असू द्या.

हा ताळा प्रत्येक बिलाला लागू होत नाही. काही लहान हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात. त्यांच्या कागदावर ‘बिल ऑफ सप्लाय’ असतं आणि कराच्या ओळी नसतात. तिथे पदार्थांच्या ओळींची बेरीज करा, ती तीन-चार ओळींचीच असते. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यामुळे पंपाच्या पावतीवरही या ओळी मिळणार नाहीत. तिथे त्याहून सोपा ताळा आहे: लिटर गुणिले दर बरोबर रक्कम. लिटर दोन दशांशांपर्यंत छापलेले असतील तर पन्नास-साठ पैशांचा फरक येऊ शकतो, त्याची काळजी नको. पाच-दहा रुपयांचा फरक आला तर मात्र एखादा आकडा चुकीचा वाचला गेला आहे.

आता नाव. ते न येण्याचं कारण साधं आहे. दुकानाचं नाव बहुतेक वेळा लोगो म्हणून चित्राच्या रूपात, नक्षीदार अक्षरांत किंवा देवनागरी बोधचित्रासारखं छापलेलं असतं, आणि बिलाचा वरचा भाग फाडताना, धरताना सगळ्यात जास्त खराब होतो. टेसरॅक्टला मराठी भाषा जोडून बघाल, पण नक्षीदार अक्षरांपुढे तीही फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून नाव वाचण्याचा हट्ट सोडून जीएसटी नंबर वाचा. तो साध्या छापील अक्षरांत असतो आणि त्याची रचना ठरलेली आहे. एकूण पंधरा अक्षरं: आधी दोन अंकी राज्य क्रमांक, महाराष्ट्राचा २७, मग दहा अक्षरांचा पॅन, म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर, मग त्या पॅनवरच्या नोंदणीचा क्रमांक, मग बहुतेक नेहमी `Z`, आणि शेवटी तपासणीचं अक्षर.

या रचनेमुळे अर्ध्या चुका आपोआप सुटतात. पॅनच्या अंकांच्या जागी `O` वाचलं गेलं तर ते शून्यच असणार, `S` असेल तर पाच, `B` असेल तर आठ. अक्षरांच्या जागी उलट दुरुस्ती करायची. उरतो तो अंकाचा अंकाशी गोंधळ, म्हणजे `3` की `8`. तो शेवटचं अक्षर सोडवतं, कारण ते आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने ठरतं:

```python
def gstin_ok(g):
    s = "0123456789ABCDEFGHIJKLMNOPQRSTUVWXYZ"
    t = 0
    for i, c in enumerate(g[:14]):
        p = s.index(c) * (1 + i % 2)
        t += p // 36 + p % 36
    return g[14] == s[(36 - t % 36) % 36]
```

एकच अक्षर चुकलं असेल तर ही तपासणी ते हमखास पकडते. म्हणून संशयाच्या जागी `3` आणि `8` दोन्ही घालून बघा, एकच नंबर पास होईल. दोन जागी शंका असेल तर मात्र सावध राहा, कारण दोन चुका एकमेकींना सांभाळून घेऊ शकतात आणि चुकीचा नंबर पास होऊ शकतो.

नंबर मिळाला की जीएसटी पोर्टलवर ‘Search Taxpayer’ मध्ये टाका. कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव अशी दोन नावं दिसतील. हॉटेलच्या पाटीवर असतं ते बहुधा व्यापारी नाव. कायदेशीर नाव मालकाचं किंवा भागीदारीचं असू शकतं. खर्चाच्या स्टेटमेंटमध्ये व्यापारी नाव घाला, नाहीतर साहेब विचारतील की या माणसाला ६८८ रुपये कशाचे दिले. एकदा शोधलेला नंबर आणि नाव वेगळ्या शीटमध्ये लिहून ठेवा. तुमची माणसं चाकण, रांजणगाव, हडपसर अशा ठरलेल्या वाटांवरच जेवतात, त्याच पंपांवर थांबतात. दोन-तीन महिन्यांत बहुतेक नावं त्या शीटमधूनच मिळू लागतील. एकाच मालकाच्या राज्यातल्या सगळ्या शाखांचा जीएसटी नंबर बहुतेक वेळा एकच असतो, त्यामुळे बाणेरची शाखा की कात्रजची हे त्यावरून कळणार नाही. त्यासाठी पत्त्याची ओळ किंवा फोन नंबर बघा. छोट्या खाणावळीला जीएसटी नंबरच नसतो. तिथे चौदा अंकी एफएसएसएआय नंबर किंवा फोन नंबर ही ओळख म्हणून शीटमध्ये ठेवा. कार्डाने पैसे दिले असतील तर मशीनच्या स्लिपवर वर दुकानाचं नाव साध्या अक्षरांत असतं, ती जरूर मागून घ्या. फक्त बिल आणि स्लिप हे दोन वेगळे खर्च म्हणून भरले जाणार नाहीत एवढं बघा: तारीख आणि रक्कम दोन्ही सारख्या असलेल्या ओळी एकदा तपासून जा.

तारखेची चूक सगळ्यात फसवी असते, कारण ती दिसत नाही. वरच्या बिलावर `03/07/25` आहे, म्हणजे ३ जुलै २०२५. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर एक्सेल ते ७ मार्च समजतं आणि काहीही कुरकुर न करता भरतं. `13/07/25` आलं की तेरावा महिना नसल्यामुळे ते मजकूर म्हणून तसंच राहतं. त्यामुळे तारखांच्या रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या तर समजा की उजवीकडच्या सगळ्या उलट्या वाचल्या गेल्या आहेत. विंडोजमध्ये प्रादेशिक सेटिंग ‘English (India)’ करा. पायथॉन वापरत असाल तर तारीख ओळखायचं काम त्याच्यावर सोडू नका, नमुना स्वतः द्या:

```python
from datetime import datetime
datetime.strptime("03/07/25", "%d/%m/%y")
```

तारखेचाच आकडा घडीत गेला असेल तर बिल नंबर कामी येतो. त्याच हॉटेलची दुसरी बिलं तुमच्याकडे असतील तर नंबर वाढतो तशी तारीखही पुढे जायला हवी. ४४१७ हे बिल ४३९० आणि ४५०२ यांच्यामध्ये आहे आणि त्या दोन्हींवर अनुक्रमे २ आणि ४ जुलै आहे, तर मधलं बिल त्याच दोन-तीन दिवसांतलं. काही दुकानं रोज एकपासून नंबर सुरू करतात, तिथे हे चालत नाही. नंबर फारच लहान असेल तर ओळखा. यूपीआयने पैसे दिले असतील तर त्या माणसाच्या मोबाइलमधल्या व्यवहाराची तारीख आणि रक्कम मागा, दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. मध्यरात्रीनंतरच्या बिलात आणि यूपीआयमध्ये एका दिवसाचा फरक दिसू शकतो, कारण हॉटेलचं मशीन कधी कधी गल्ला बंद करेपर्यंत आदल्या दिवसाचीच तारीख छापत राहतं.

महिन्याला तीस-चाळीसच बिलं असतील तर माझं स्पष्ट मत आहे की टेसरॅक्ट बाजूला ठेवा, आकडे हाताने भरा आणि फक्त वरचा बेरजेचा ताळा, नावांची शीट आणि तारखेची सेटिंग एवढं ठेवा. बिलं शंभर-दीडशेच्या पुढे गेली की वाचनाचं काम सॉफ्टवेअरवर टाकणं परवडतं.

फोटो महिनाअखेरीला न घेता खर्च झाला त्याच दिवशी घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच. रेनकोटच्या खिशात भिजून वाळलेल्या बिलाचा लेप घडीवर लगेच सुटतो. शिवाय जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायचे असतात आणि थर्मल कागदावरची छपाई तेवढं टिकेल याचा भरवसा नाही. मूळ, लहान न केलेला फोटो बिल नंबर आणि तारखेच्या नावाने साठवा आणि एक्सेलच्या ओळीत त्या फाइलचं नाव लिहा.

इतकं करूनही ज्या बिलाचा ताळा एकाही वाटेने जुळत नाही, त्याची रक्कम अंदाजाने भरू नका. त्या ओळीत रक्कम रिकामी ठेवून शेजारी कारण लिहा, ‘एकूण घडीखाली, करओळी पुसट’ असं, आणि हॉटेलला फोन करून बिल नंबर सांगा. बिलिंग सॉफ्टवेअरमधून त्याच नंबराची दुय्यम प्रत बहुतेक ठिकाणी काढून मिळते, मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत मागितली तर. फार जुन्या बिलासाठी काउंटरवरचा माणूस शोधत बसत नाही.